प्रॉब्लेम स्टेटमेंट पुन्हा पुन्हा परत येतंय? गरजा आणि बंधनं वेगळी करून मोजता येतील अशी कशी लिहायची

दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास माझ्या टेबलावर फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टांचा गठ्ठा येतो. त्यातले निम्मे मी पहिल्याच पानावर परत करतो. डिझाइन चुकलेलं असतं म्हणून नाही. डिझाइन बरोबर आहे की चूक हे ठरवायला काही आधारच नसतो, म्हणून. प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्ये यंत्राने काय करायला हवं (रिक्वायरमेंट, म्हणजे गरज) आणि ते कोणत्या कुंपणाच्या आत राहून करायला हवं (कन्स्ट्रेंट, म्हणजे बंधन) यांची खिचडी झालेली असते, आणि त्या खिचडीत आकडा औषधालाही सापडत नाही. हाच बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता त्याचा क्रम ठरून गेला आहे. तो इथे लिहून ठेवतो.

उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. चौघा मुलांचा गट, विषय कांदा चाळ. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची चाळ त्यांनी प्रयोगासाठी घेतली होती. त्यांचं मूळ प्रॉब्लेम स्टेटमेंट असं होतं:

«महाराष्ट्रात कांदा साठवणुकीत मोठ्या प्रमाणावर नुकसान होते. त्यामुळे शेतकऱ्यांना परवडणारी, कार्यक्षम, वापरण्यास सोपी व आयओटी-आधारित वायुवीजन यंत्रणा विकसित करणे गरजेचे आहे, जी चाळीतील तापमान 25 ते 30 अंश व आर्द्रता 65 ते 70 टक्के राखेल, कमी वीज वापरेल आणि 15,000 रुपयांत तयार होईल.»

वाचायला बरं वाटतं. त्यात तीन आकडेही आहेत. तरी त्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दात गडबड आहे.

लक्षणं

खालीलपैकी दोन जरी दिसली तरी बिघाड हाच समजा.

व्हायवात एक्स्टर्नल विचारतात, "तुमचं यंत्र यशस्वी झालं हे कशावरून?" आणि गटातले चौघं चार उत्तरं देतात. टेस्टिंगच्या चॅप्टरमध्ये जे मोजलंय त्याचा पहिल्या चॅप्टरमध्ये पत्ताच नसतो, किंवा उलट. दोन पर्यायांची तुलना करणारा तक्ता असतो, पण त्यातले गुण "चांगले, मध्यम, बरे" अशा भाषेत असतात आणि गटाला आधीपासून आवडणारा पर्यायच दर वेळी जिंकतो. बजेट संपल्यावर बंधन हळूच सैल केलं जातं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. आणि सर्वांत ओळखीचं लक्षण: गाइड रिपोर्ट परत करताना शेरा मारतात, "बी स्पेसिफिक", मग मुलं वाक्यात आणखी दोन विशेषणं घालून आणतात.

तपासणी 1: पेन्सिल घ्या (पंधरा मिनिटं, खर्च शून्य)

प्रिंट काढा. प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा. वरच्या परिच्छेदात रेघा पडतात त्या "मोठ्या प्रमाणावर", "परवडणारी", "कार्यक्षम", "सोपी" आणि "कमी" यांच्याखाली. मग प्रत्येक "व", "आणि", "तसेच" याभोवती गोल करा.

ही तपासणी सर्वांत आधी करायचं कारण असं: विशेषण हे बहुतेक वेळा न ठरवलेल्या आकड्याची जागा अडवून बसलेलं असतं. "परवडणारी" लिहिलं की कोणाला आणि किती, हे विचारायची जबाबदारी संपते. आणि "आणि" हा शब्द दोन गरजा एका वाक्यात कोंबतो. तापमान राखलं पण आर्द्रता राखली नाही, तर ते वाक्य पास की नापास? उत्तर देता येत नसेल तर वाक्य तोडा. एका वाक्यात एकच गोष्ट ठेवा, म्हणजे त्याच्यासमोर "झालं" किंवा "नाही झालं" एवढंच लिहावं लागेल.

रेघ मारलेले शब्द लगेच खोडू नका. ते पुढच्या कामाची यादी आहेत.

तपासणी 2: उपाय आधीच घुसलाय का? (दहा मिनिटं)

"आयओटी-आधारित" ही ना गरज आहे, ना बंधन. तो उपाय आहे, आणि तो प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्ये मागच्या दाराने शिरलेला आहे. कांद्याला वायफायशी देणंघेणं नसतं. मी मुलांना विचारलं, "सेन्सर काढून टाकला आणि साधा टायमर लावला, तर तुमचा शेतकरी तक्रार करील का?" ती गप्प बसली. म्हणजे शब्द बाहेर.

"वायुवीजन" हा शब्दही खरं तर याच जातीचा. नुकसान कमी करण्याचे दुसरेही मार्ग आहेत: काढणीनंतर कांदा नीट सुकवणं, पात मानेवर थोडी ठेवून कापणं, ढिगाची उंची कमी करणं. पण इथे मी तो राहू दिला, कारण गटाला मेकॅनिकलचा प्रोजेक्ट करायचा होता आणि शेतकऱ्यानेही पंख्याचंच काम मागितलं होतं. मात्र मग तो गरजेत न राहता बंधनात जातो: «उपाय फक्त बाहेरची हवा खेळवून करायचा, शीतकरण नाही.» हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्यानेच सगळा खेळ पालटला.

तपासणी 3: दोन याद्या (एक तास आणि थोडी भांडाभांडी)

कागदाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे गरज, उजवीकडे बंधन. प्रत्येक तुकडा उचलून दोन प्रश्न विचारायचे.

पहिला: यात थोडं जास्त मिळालं तर कोणाला आनंद होईल का? होत असेल तर ती गरज आहे. नुकसान 20 टक्क्यांऐवजी 15 टक्के झालं तर शेतकरी खूश होईल. म्हणून ती गरज.

दुसरा: हे ओलांडलं तर बाकी सगळं उत्तम असूनही डिझाइन फेकून द्यावं लागेल का? हो असेल तर ते बंधन. त्या वस्तीवर शेतीच्या फीडरला दिवसातून आठ तासच वीज असायची, ती कधी दिवसा, कधी रात्री. चोवीस तास पंखा लागणारं डिझाइन कितीही सुंदर असलं तरी तिथे चालणार नाही. वीज नऊ तास मिळाली म्हणून यंत्र "जास्त चांगलं" होत नाही. आणि हे बंधन गटाने ठरवलेलं नाही, गटाला ते बदलताही येत नाही. बंधन ओळखायची ही सर्वांत पक्की खूण. ते बाहेरून येतं.

गोंधळ होतो तो एकच राशी दोन्ही बाजूंना येते तेव्हा. खर्चाचंच बघा. "15,000 रुपयांत तयार होईल" हे बंधन की गरज? तासभर वाद झाला. निकाल असा लागला की खर्चाची दोन वाक्यं लिहायची. एक बंधन: «सुटे भाग आणि जोडणी मिळून 15,000 रुपयांच्या वर जाता कामा नये.» दुसरी इच्छा, आणि ती याद्यांच्या बाहेर, खाली वेगळी: «कुंपणाच्या आत राहून खर्च जितका कमी तितका बरा.» पर्याय निवडताना ही इच्छा कामाला येते, पास-नापास ठरवताना नाही. "कमीत कमी खर्च" हे गरजेच्या यादीत ठेवलं की ते कधीच पूर्ण होत नाही, कारण नेहमी एखादा स्वस्त पंखा मिळतोच.

आणखी एक भेसळ हमखास दिसते: यंत्राचं बंधन आणि प्रोजेक्टचं बंधन. "मेच्या आत सबमिशन" हे मुलांचं बंधन आहे, पंख्याचं नाही. पण त्याचा परिणाम मोठा. रब्बीचा कांदा चाळीत जातो एप्रिल-मेमध्ये आणि नुकसान दिसतं पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. म्हणजे «नुकसान 20 टक्क्यांच्या आत» अशी गरज लिहिली तरी ती मुलांना पास होण्याआधी तपासताच येत नाही! मग ते काय करतात? रिपोर्टच्या शेवटी "नुकसान कमी झाल्याचे आढळले" असं लिहून मोकळे होतात. ही फसवणूक नसते, प्रॉब्लेम स्टेटमेंटनेच त्यांना त्या कोपऱ्यात ढकललेलं असतं. प्रोजेक्टची बंधनं तिसऱ्या, छोट्या यादीत ठेवा आणि त्यांच्यामुळे कोणत्या गरजा आत्ता तपासता येणार नाहीत ते तिथेच सांगून टाका.

तास संपल्यावर याद्या अशा होत्या. गरजा: नुकसान, तापमान, आर्द्रता, हाताळणी. बंधनं: 15,000 रुपये, आठ तास वीज, फक्त बाहेरची हवा, आणि चाळ आहे तशी ठेवायची, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची जमीन सुमारे 60 सेंटिमीटर उंचीवर, ढीग 1.2 मीटर रुंद आणि 1.5 मीटर उंच. ढिगाची उंची कशाला, असं एकाने विचारलं. त्याहून उंच रचला तर तळातला कांदा वजनाने दबतो आणि हवा वर यायला त्रास होतो, म्हणून. शेतकऱ्याला हे माहीत होतं. रिपोर्टला नव्हतं.

तपासणी 4: हे मोजणार कसं? (एक दुपार)

आता डावी यादी घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी लिहा: आकडा, एकक, कोणत्या परिस्थितीत, कशाने मोजणार. चौथी लिहिता आली नाही तर पहिल्या तिन्ही खोट्या आहेत.

"नुकसान" या शब्दाने आम्हाला सर्वांत जास्त छळलं. कांद्याचं वजन घटतं ते तीन वाटांनी. पाणी उडून सुकतो, कुजतो, आणि कोंब येतो. सुकलेला कांदा विकता येतो, कुजलेला नाही. मुलांच्या «नुकसान» या शब्दात हे सगळं एकत्र होतं. पंख्याने कुज कमी झाली पण सुकणं वाढलं, तर एकूण वजनात काही फरकच दिसणार नाही आणि चांगलं यंत्र नापास होईल. म्हणून दोन ओळी केल्या. एक एकूण वजनघट, दुसरी कुजल्याची घट. मोजायची रीत: सुरुवातीला निवडून, निरोगी, 10 किलोच्या जाळीदार पिशव्या भरायच्या, बिल्ला लावून ढिगात खाली, मधे आणि वर पुरायच्या, तशाच पिशव्या पंखा नसलेल्या शेजारच्या कप्प्यातही ठेवायच्या. दर पंधरा दिवसांनी वजन करायचं. दुसरा कप्पा का? कारण त्या वर्षी पाऊसच कमी झाला तर नुकसान आपोआप घटतं आणि श्रेय पंख्याला जातं.

"तापमान" कुठलं, हा पुढचा प्रश्न. चाळीच्या दारात टांगलेला थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो. कांदा ढिगाच्या पोटात असतो. तो श्वास घेतो, उष्णता आणि ओल सोडतो, आणि हवा न पोचलेल्या जागी गरम गाठ तयार होते. कुज तिथूनच सुरू होते. म्हणून मोजायच्या जागा सहा ठरल्या: तीन उंच्या, प्रत्येकी दोन ठिकाणी, एक कडेला, एक पोटात. दर पंधरा मिनिटांनी नोंद करणारे स्वस्त लॉगर त्या कॉलेजच्या लॅबमध्ये पडूनच होते.

"वापरण्यास सोपी" हे खोडायला मुलं तयार होती. मी नाही म्हटलं. तेही मोजता येतं: «घरातल्या ज्या व्यक्तीने यंत्र आधी पाहिलेलं नाही तिला पाच मिनिटं दाखवून दुसऱ्या दिवशी न विचारता चालू-बंद करता यावं, तीनपैकी तिघांना.» शेतकऱ्याची आई त्यांत होती. ती पास झाली. पुतण्या नापास झाला, कारण त्याने टायमर उलटा फिरवला. मग टायमरवर बाण रंगवला.

तपासणी 5: आकडा आणला कुठून? (एक फेरी, एसटीचं भाडं)

आकडा लिहिला की तो खराच वाटतो, हा त्याचा धोका. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर त्याचा बाप कोण ते लिहा: शेतकरी, मोजमाप, जाणकार संस्था, की आपलाच अंदाज. अंदाज असला तरी चालेल, पण तसं लिहा.

15,000 रुपये हा आकडा मुलांनी "ठरवला" होता. फेरी मारल्यावर त्याचा खरा जन्म कळला. शेतकरी म्हणाला, "पोरांनो, कप्प्यात पाच टन बसतो, म्हणजे पन्नास क्विंटल. तुमच्या पंख्यानं शंभरातले दहा वाचले तर पाच क्विंटल हाती येतो. मी दीड हजारच भाव धरतो, जास्त नाही. साडेसात हजार झाले. दोन हंगामात पैसा निघाला तर लावतो, नाहीतर आहे ते बरंय." साडेसात दुणे पंधरा. आता ते बंधन पाळायला आपसूक मान मिळतो, आणि भाव बदलला तर बंधन कसं बदलेल हेही कळतं. (त्या कप्प्याची लांबी मुलांनी इथेच पडताळली. कांद्याच्या ढिगाची घनता घनमीटरला साधारण 550 किलो धरली तर पाच टनांना नऊ घनमीटर लागतात, 1.2 गुणिले 1.5 ने भागलं की पाच मीटर. टेपने मोजलं, 5.1 भरलं.)

25 ते 30 अंश आणि 65 ते 70 टक्के हा पट्टा मात्र गटाचा शोध नव्हता. विनाशीतकरण साठवणीसाठी सर्वसाधारणपणे हाच सांगितला जातो. म्हणजे आकड्याचा बाप चांगल्या घरचा. तरीही तो इथे चुकीच्या ठिकाणी बसला होता, आणि ते कळायला पुढची तपासणी लागली.

तपासणी 6: आकडे एकमेकांशी भांडतात का? (दोन दिवस, कॅल्क्युलेटर)

सर्वांत अवघड, म्हणून शेवटी. इथवर यादी स्वच्छ नसेल तर ही करूच नका, कारण कशाचं कशाशी भांडण लावायचं तेच कळणार नाही.

आधी तापमान. निफाडला मे महिन्यात दुपारी पारा 38-40 वर जातो. बंधन म्हणतं, फक्त बाहेरची हवा. 40 अंशांची हवा फुंकून ढीग 30 वर कसा राखणार? पंखा कितीही मोठा घ्या, बाहेरच्या हवेपेक्षा तो थंड करू शकत नाही.

मग आर्द्रता. पावसाळ्यात बाहेरची हवा समजा 26 अंश आणि 90 टक्के. ती 70 टक्क्यांवर आणायची तर तापवावी लागते. गणित छोटं आहे. 26 अंशांना हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाचा दाब 3.36 किलोपास्कल, त्याचे 90 टक्के म्हणजे 3.02. हेच बाष्प 70 टक्के ठरायचं तर मावण्याची क्षमता 4.32 हवी, आणि ती सुमारे 30.3 अंशांना मिळते. म्हणजे हवा चार-सव्वाचार अंशांनी तापवली की आर्द्रता पट्ट्यात येते, आणि तापमान त्याच क्षणी 30 च्या पट्ट्यातून बाहेर पडतं! वर वीज. मुलांचा पंखा तासाला 500 घनमीटर हवा देणारा होता. तेवढी हवा चार-सव्वाचार अंश तापवायला जवळपास 0.7 किलोवॅट लागतात, आठ तासांत साडेपाच युनिट. एकट्या पंख्याला सव्वा युनिट पुरत होतं. "कमी वीज" तिथेच संपलं.

थोडक्यात, तीन गरजा आणि दोन बंधनं एकाच वेळी पाळील असं कोणतंही यंत्र शिल्लक राहत नव्हतं. हे ऑगस्टमध्ये कळलं असतं तर बरं झालं असतं. फेब्रुवारीत कळलं.

इथे मी स्वतःही तोंडघशी पडलो, तेही सांगतो. मी सुचवलं, पट्टा सोडा, असं लिहा: «रात्री पंखा सहा तास चालल्यावर ढिगाच्या पोटातलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा 3 अंशांहून जास्त नसावं.» मोजता येतं, बाहेरच्या हवेशी जोडलेलं आहे, छान. गटातल्या एकीने रात्री बसून हिशोब केला. कांद्याची उष्णताधारकता किलोला साधारण 3.8 किलोज्यूल, पाच टन म्हणजे एका अंशाला 19,000 किलोज्यूल. तासाला 500 घनमीटर हवा सेकंदाला जेमतेम 0.16 किलो, म्हणजे प्रत्येक अंश फरकामागे 0.16 किलोवॅट वाहून नेणार. भागाकार केला की एक लाख एकोणीस हजार सेकंदांच्या जवळपास, तेहतीस तास. सहा तासांत फरकाचा सहावा हिस्साही जेमतेम निघतो. दुपारी तापलेला ढीग बाहेर रात्री 22 अंश झाल्यावर 3 अंशांच्या आत यायला पाच-सहा पट मोठा पंखा लागला असता, आणि तो 15,000 च्या कुंपणात बसत नव्हता. तिने ते कागद माझ्यासमोर ठेवले तेव्हा मी चहा मागवला.

मग मूळ प्रश्नाकडे परत गेलो. पंख्याचं काम ढीग थंड करणं नाहीच. काम आहे गरम गाठ होऊ न देणं, म्हणजे ढीग सगळीकडे सारखा ठेवणं. मुलांनी पंखा नसलेला कप्पा आठवडाभर मोजला होता, त्यात सर्वांत गरम आणि सर्वांत थंड जागेच्या सरासरीत 5 ते 6 अंशांचा फरक होता. त्याच्या निम्म्यावर लक्ष्य ठेवलं: 3 अंश. आर्द्रतेच्या बाबतीत गरज उलटी केली. हवा अमुक टक्क्यांवर राखा असं न म्हणता, बाहेरची हवा 80 टक्क्यांच्या वर असेल तेव्हा पंखा चालू नये, एवढंच. पावसाळी हवा ढिगात ढकलून साल ओली ठेवण्यापेक्षा पंखा बंद बरा. हा 80 चा आकडा अंदाज होता, तसा तो रिपोर्टमध्ये लिहिला. आणि गंमत म्हणजे आता आर्द्रतेचा एक सेन्सर खरंच लागला, पण गरजेमुळे लागला, हौसेने नाही.

दुरुस्त झालेलं असं:

«निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या चाळीतील 5 टनांच्या कप्प्यात रब्बी कांदा मेअखेर ते सप्टेंबरअखेर साठवला जातो. हवा न पोचणाऱ्या जागी ढीग तापतो व तिथून कूज पसरते.

गरजा: (1) यंत्रणा रोज 8 तासांपर्यंत चालत असताना, सलग 14 दिवस, ढिगातील सहा ठिकाणांच्या 24 तासांच्या सरासरी तापमानांत कमाल व किमान यांतील फरक 3 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त नसावा. (2) बाहेरील सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांवर असताना पंखा 10 मिनिटांत आपोआप बंद व्हावा. (3) 122 दिवसांत कुजल्यामुळे झालेली घट यंत्रणा नसलेल्या शेजारच्या कप्प्याच्या निम्म्याहून जास्त नसावी. बिल्ला लावलेल्या 10 किलोच्या पिशव्यांवरून. (4) एकूण वजनघट त्याच कप्प्याच्या घटीपेक्षा जास्त नसावी. (5) पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकानंतर घरातील तीन व्यक्तींना यंत्रणा चालवता यावी.

बंधने: एकूण खर्च 15,000 रुपयांपर्यंत, वीज दिवसातून 8 तास, वेळ अनिश्चित, फक्त बाहेरची हवा, चाळीची रचना व ढिगाची मापे आहेत तशीच.

प्रोजेक्टची मर्यादा: गरज 3 व 4 सबमिशनपूर्वी तपासता येणार नाहीत, 1, 2 व 5 तपासल्या जातील.»

लांबी तिप्पट झाली. गाइडांनी त्याबद्दल कुरकुर केली, पण परत पाठवलं नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

तपासणी 6 मध्ये भांडण निघालं आणि मिटवायला बंधनच हलवावं लागत असेल, तर थांबा. गरज तुम्ही नव्याने मांडू शकता, बंधन नाही. ते ज्याचं आहे त्याच्याकडे जा. पैसे शेतकऱ्याचे, वीज वीज कंपनीची, सबमिशनची तारीख विभागप्रमुखांची. बंधन गुपचूप 15 वरून 18 हजारांवर नेलेलं मी दोनदा पकडलंय.

पिकाचे आकडे, म्हणजे किती आर्द्रतेला कूज वाढते, कोणत्या जातीचा कांदा किती दिवस टिकतो, हे मेकॅनिकलच्या माणसाने ठरवू नयेत. आमचा 80 टक्क्यांचा आकडा याच जातीचा. जवळचं कृषी विज्ञान केंद्र गाठा किंवा राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाला लिहा. प्रश्न एका ओळीचा आणि नेमका असेल तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

किती पिशव्या पुरल्या म्हणजे "निम्म्याहून जास्त नाही" असं छातीठोक म्हणता येईल, हा सांख्यिकीचा प्रश्न आहे. दहा की चाळीस, हे अंदाजाने ठरवण्याआधी संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे अर्धा तास मागा.

आणि चाळीत वायरिंग करायची वेळ आली की वही मिटा. पत्र्याचं छत, पावसाळी ओल, उंदीर, अनवाणी माणसं. अर्थिंग आणि वीजगळती होताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी ही गरजही नाही आणि इच्छाही नाही, ते बंधनांच्या यादीत पहिल्या ओळीत जातं, आणि ते काम परवानाधारक वायरमनचं आहे. आमच्या यादीत ती ओळ नव्हती. वायरमननेच येऊन ती घालायला लावली, आणि त्याचे 1,400 रुपये 15,000 च्या आतूनच गेले.